सलग सहा दिवस ‘बरोबर’

ताई, नमस्कार. बारावीची परीक्षा झाली आणि मी आजीच्या किराणा दुकानात बसायला लागले. आजी रोज रात्री वही भरून घेते. दिवसभर प्रत्येक विक्री कच्च्या वहीत लिहायची, ऑनलाइन पैसे आले तर पुढे ‘ऑ’ करायचं आणि रात्री गल्ला मोजून मेळ घालायचा. सुटी साखर तोलून तीही लिहायची. माझा मेळ कधीच बसत नाही. कधी वीस कमी, कधी पन्नास. तीनदा मी माझे पैसे गल्ल्यात टाकले आणि ‘बरोबर’ लिहिलं. काल ९० कमी आले. कालचं पान असं : सकाळची शिल्लक ५००, विक्री ६,८४०, त्यातली उधारी ७२०, ‘ऑ’ २,३१०, जुनी उधारी रोख आली ४००, खर्च ६५०, गल्ल्यात ३,९७०. आजीला सांगू का? ती मला चोर तर समजणार नाही ना? आणि ऑनलाइनचं सगळं मामाच्या मोबाइलवर दिसतं, मग ही वही हवीच कशाला?
— आजीची नात

आजीला आजच सांग, रात्रीचा मेळ घालायला बसायच्या आधी. चोर समजणार नाही. तुझी आजी इतकी वर्षं गल्ल्यावर बसली आहे. जी पोर पैसे उचलते ती तूट भरून काढत नाही, एवढं तिला कळतं. तरीही तू जे केलंस ते दुकानाच्या दृष्टीने किती महागात पडतं, हे मी तुला माझ्यावरूनच सांगते. कारण मीही अगदी हेच केलं होतं, चौदाव्या वर्षी, माझ्या आजीच्या दुकानात.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, गुरुवारचा बाजार. त्या मे महिन्यात आजीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वाकायचं नाही, वाचायचं नाही, उजेडाकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी. म्हणून मी. आजी काळा चष्मा लावून गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसायची, गिऱ्हाइकाला आवाजावरून ओळखायची आणि मी तोलायचे. रात्री दुकानाची फळी लावली की मी वही मोठ्याने वाचून दाखवायची आणि ती मान हलवायची.

वहीत दोन गोष्टी असायच्या. एक रोजमेळ, म्हणजे पैशाचा हिशोब. दुसरी सुट्या मालाची मोजणी. त्यात साखर पहिली, कारण साखर सगळ्यात जास्त खपते आणि तिच्यावर सगळ्यात कमी सुटतं. पोत्यातून थेट कुणाला तोलून द्यायची नाही, हा आजीचा दंडक. रोज सकाळी पोत्यातून दहा किलो डब्यात काढायची, पाच-पाच किलोच्या दोन तोलांत. दिवसभर जे जाईल ते त्या डब्यातून. प्रत्येक तोलाला वहीत रेघ : पाव किलोचा एक रकाना, अर्ध्या किलोचा दुसरा. रात्री डब्यात उरलेली साखर तोलायची. रेघांवरून किती गेली ते कळतं, डब्यावरून किती उरली ते. दोन्हीची बेरीज दहा यायला हवी. पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर आजी काही बोलत नसे. सांडलवंड होते, मुंग्या लागतात, एखाद्या पोराच्या तळहातावर चिमूटभर पडते.

पहिले काही दिवस मेळ छान बसला. मग एका शुक्रवारी रात्री पावाच्या रकान्यात २२ रेघा होत्या, अर्ध्याच्या रकान्यात ६. म्हणजे साडेपाच आणि तीन, साडेआठ किलो गेली. उरायला हवी दीड. डब्यात निघाली एक किलो शंभर. चारशे ग्रॅम कुठे गेली?

मला वाटलं रेघा मारायला विसरले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असतं, विसरले असेन. आजी खुर्चीत डोळे मिटून बसलेली. तिला ‘चारशे ग्रॅम कमी’ असं वाचून दाखवायची मला लाज वाटली. मी पावाच्या रकान्यात गुपचूप दोन रेघा वाढवल्या. जास्तीचे शंभर ग्रॅम लिहिलेच नाहीत आणि वाचलं, “साखर बरोबर.”

पण रेघा वाढल्या की विक्री वाढते. त्या वेळी साखर बारा रुपये किलो होती. दोन पाव म्हणजे सहा रुपये. वहीप्रमाणे ते सहा रुपये गल्ल्यात असायला हवेत आणि ते तर नव्हतेच, कारण ती साखर कुणी विकत घेतलीच नव्हती. मग मी मामाने खाऊला दिलेल्या चाळीस रुपयांतले सहा गल्ल्यात टाकले. साखरेचं एक खोटं लपवायला पैशाचं दुसरं खोटं. शनिवारी पुन्हा तसंच. रविवारीही. बुधवारपर्यंत सहा दिवस, छत्तीस रुपये. माझ्याकडे चार उरले आणि समोर गुरुवारचा बाजार.

बाजाराच्या दिवशी वीस किलो साखर डब्यांत काढायचो. त्या रात्री पावाच्या ४० रेघा, अर्ध्याच्या १८. एकोणीस किलो गेली, किलोभर उरायला हवी. डब्याच्या तळाशी होती दीडशे ग्रॅम. साडेआठशे ग्रॅमची तूट. एवढी झाकायला माझ्याकडे ना पैसे होते ना धाडस. मी वाचता वाचता थांबले आणि मला रडू फुटलं.

आजीने रडू दिलं. मग म्हणाली, “मागचे दिवस वाच.” मी वाचलं. शुक्रवार बरोबर, शनिवार बरोबर, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार बरोबर. ती म्हणाली, “सहा दिवस? अगं, तीस वर्षं बसते मी इथे. मला लागोपाठ दोन दिवस कधी आलं नाही ग्रॅमाला ग्रॅम बरोबर. चौथ्या दिवशीच कळलं होतं मला, की तू काहीतरी करतेस. म्हटलं, बघू कधी सांगतेस.”

ओरडली नाही. पण एक वाक्य बोलली ते मला फार लागलं. “ती सहा पानं आता माझ्या काही कामाची नाहीत.” मला वाटलं, साडेआठशे ग्रॅम साखरेचं दुःख मोठं असेल. तिला दुःख त्या पानांचं होतं. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी एका लग्नघरचं गिऱ्हाईक आलं आणि पंधरा किलो साखर घेऊन गेलं, पाच-पाच किलोच्या तीन तोलांत. बाकी किरकोळ : पावाचे २० तोल, अर्ध्याचे ४. एकूण बावीस किलो साखर गेली. सकाळी पंचवीस काढली होती. उरायला हवी तीन, उरली दोन किलो सहाशे. तूट चारशे ग्रॅम. या वेळी मी एकही रेघ वाढवली नाही, जसं होतं तसं वाचलं.

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने मला दोन्ही दिवसांचे तोल मोजायला लावले. किलो नाही, तोल. बाजाराच्या दिवशी ५८ वेळा तोललं होतं, तूट ८५०. लग्नघराच्या दिवशी २७ वेळा, तूट ४००. “साखर जास्त गेली आणि तूट निम्म्याहून कमी झाली,” ती म्हणाली. “म्हणजे तूट किलोमागे नाही, तोलामागे आहे. भाग दे बघू.” दिला. पहिल्या दिवशी तोलामागे साधारण पंधरा ग्रॅम, दुसऱ्या दिवशीही पंधरा ग्रॅम.

आता हा भागाकार काय बोलतो ते बघ. पोत्यात साखर कमी आली असती, तर डब्याला त्याचं काहीच नव्हतं. डब्यात आम्ही रोज तोलूनच टाकत होतो. कुणी हात मारत असतं, तर त्याने तोलांची संख्या मोजून त्या प्रमाणात कशाला उचलली असती? मी सढळ हाताने तोलत असते, तर पाच किलोला पाव किलोपेक्षा जास्त घसरलं असतं. प्रत्येक तोलाला, लहान असो की मोठा, तेवढेच पंधरा ग्रॅम जात असतील तर दोष तागडीतच. आजीने हे सगळं असं फोड करून सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, “तागडी रिकामी धर.”

तू तागडी पाहिली असशील की नाही कोण जाणे. आडवी दांडी, दोन बाजूंना साखळ्यांनी लटकलेली पितळेची पारडी, एकात वजनं, एकात माल. दोन पारडी सारख्या वजनाची कधीच नसतात. मग हलक्या पारड्याच्या खाली मेणाने शिशाचा तुकडा नाहीतर काहीबाही चिकटवून दांडी सरळ करतात. तो पासंग. ‘पासंगालाही पुरत नाही’ असं आपण म्हणतो तो हाच. आमचं मालाचं पारडं हलकं होतं आणि त्याच्या बुडाशी पासंग होता. मी रिकामी तागडी उचलली तर वजनांचं पारडं खाली गेलं. इतके दिवस मला हे दिसलं नाही, कारण तागडी कायम फळीवर टेकवलेली असायची आणि मी ती रिकामी अशी कधी उचललीच नव्हती. आधी वजन टाकायचं, मग उचलायची.

आजीने मालाच्या पारड्याखालून बोटं फिरवली. बघू तर शकत नव्हती. एका जागी थांबली आणि माझं बोट धरून तिथे नेलं. मेणाचा खडबडीत डाग, बाकी काही नाही. पासंग पडला होता. म्हणजे प्रत्येक तोलाला त्या तुकड्याच्या वजनाएवढी साखर गिऱ्हाइकाला जास्त जात होती. गिऱ्हाईक कशाला तक्रार करील?

किती नुकसान, हे आजीने तोंडी सांगितलं. साखरेवर तिला किलोमागे पन्नास पैसे सुटायचे, म्हणजे पावामागे साडेबारा. आणि पंधरा ग्रॅम साखर म्हणजे अठरा पैसे. पाव किलो साखर विकली की साडेपाच पैसे घरचे जात होते! दुकानात गर्दी, गल्ल्यात पैसे खेळतात, पोती संपतात, नवी येतात आणि प्रत्येक पावाला तोटा. गल्ला मात्र रोज जुळत होता, माझे सहा रुपये सोडले तर. कारण गिऱ्हाईक पावाचे तीन रुपये बरोबरच देत होतं. पैशाच्या हिशोबात ही चूक कधी म्हणजे कधी सापडली नसती. म्हणून आजीची वही पैशावर थांबत नव्हती.

मग आजीने विचारलं, “पडला कधी?” आणि इथे ती सहा पानं आठवली. माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला तर पासंग बुधवारपर्यंत जागेवर होता आणि गुरुवारी बाजाराच्या गर्दीत पडला. आजी गुरुवारचीच गडबड डोक्यात घोळवत होती, कोण आलं होतं, पारडं कुठे आपटलं का. खरं म्हणजे तो त्याच्या आदल्या गुरुवारी पडला होता. बाजार आटोपल्यावर चिकट झालेली पारडी मी चिंच लावून घासली होती आणि मेणासकट तुकडा निघून मोरीत गेला असणार. हे मला आठवलं कधी? मी खरं सांगितल्यावर, की तूट त्या पहिल्या शुक्रवारपासून आहे. ‘शुक्रवारी सकाळपासून’ म्हटल्याबरोबर ‘गुरुवारी रात्री काय केलं’ हा प्रश्न आपोआप आला आणि उत्तर माझ्याच हाताला चिंचेच्या वासासारखं चिकटलेलं होतं. त्या पहिल्या शुक्रवारी मी ‘चारशे कमी’ असं वाचलं असतं तर आजीने त्याच रात्री विचारलं असतं, काल आणि आज यांच्यात काय बदललं? एका दिवसाच्या आठवणी ताज्या असतात. आठवड्याच्या नसतात, महिन्याच्या तर नसतातच. रोज मोजायचं ते एवढ्यासाठी. चूक एक दिवसाची असेपर्यंत ती सापडते.

(पासंग लावलेली तागडी वजनमापवाल्यांना चालत नाही, हेही सांगून टाकते. आजीला ते ठाऊक होतं. सुतळीने एक गंजका नट बांधून तिने तात्पुरतं भागवलं आणि दिवाळीला नवी तागडी आणली. छत्तीस रुपये मला परत दिले, वहीत लिहून.)

आता तुझं कालचं पान. आधी गल्ल्यात किती असायला हवेत ते बघू. सकाळची शिल्लक ५०० आणि विक्री ६,८४०, झाले ७,३४०. उधारीचे ७२० हातात आले नाहीत, राहिले ६,६२०. ऑनलाइनचे २,३१० गल्ल्यात पडले नाहीत, राहिले ४,३१०. जुनी उधारी रोखीत ४०० आली, ४,७१०. खर्च ६५० गेला, ४,०६०. तू मोजलेस ३,९७०. तूट ९०, तुझा हिशोब बरोबर आहे. तेवढं तुला येतं, मग काळजी नको.

पहिली शंका मला तुझ्या ‘ऑ’ची आहे. ही २,३१०ची रक्कम तू तुझ्या खुणांची बेरीज करून काढली आहेस, मामाच्या फोनवरून घेतलेली नाही. हल्ली दुकानात काय होतं बघ. गिऱ्हाईक साठ रुपयांचं सामान घेतं, त्याला सुटे हवे असतात, म्हणून ते दीडशे ऑनलाइन पाठवतं आणि नव्वद रोख परत मागतं. तू सामानाचे साठ लिहितेस, पुढे ‘ऑ’ करतेस आणि गल्ल्यातून नव्वद काढून देतेस. वहीत ६०, फोनवर १५०, गल्ल्यातून ९० गायब. चोरी नाही, तोटा नाही, पैसे फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. मामाला विचार, कालचे ऑनलाइन एकूण किती आले? २,४०० निघाले तर तुझे ९० सापडले. मग मामाबरोबर एक-एक रक्कम ताडून बघ, कुठल्या ‘ऑ’समोर आकडा वेगळा आहे ते लगेच दिसेल. यापुढे असं रोख परत दिलंस की कच्च्या वहीत ‘ऑ १५०, रोख दिले ९०’ असं पूर्ण लिही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मोबाइलला दीडशे आले एवढंच माहीत. ते साठच्या सामानाचे की दीडशेच्या, हे त्याला कुठून कळणार? दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की मगच गोष्ट उघडी पडते. उधारी आणि साखर तर त्याच्या गावीही नाही.

फोनवरही २,३१०च निघाले तर दुसरी शंका. तूट नवाने भागली जाते का बघायची. ९० जाते. अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो : ४५चे ५४ लिहिले तर ९चा फरक, १२०चे २१० लिहिले तर ९०चा. तुझी तूट ९० म्हणजे कच्च्या वहीत २१०, ३२०, ४३० अशा रकमा शोध आणि आठव, त्या खरोखर १२०, २३०, ३४० होत्या का. शंभरच्या आतल्या अंकांच्या अदलाबदलीने ९० येत नाही, त्याहून कमीच येतं, म्हणून लहान रकमांत शोधत बसू नकोस. बेरीज करताना अंक उलटा वाचला गेला असंही होतं, म्हणून बेरीज एकदा खालून वर कर.

तूट सम असेल तर तिचा निम्मा आकडाही वहीत शोधायचा. तुझ्या बाबतीत ४५. कुणी ४५ रुपयांची जुनी उधारी रोख आणून दिली असती आणि तू ती खर्चात लिहिली असतीस, तर दुप्पट फरक पडला असता. पण तेव्हा गल्ल्यात पैसे वाढले असते, कमी झाले नसते. तुझ्याकडे कमी आहेत. म्हणजे उलटं, कुणाला दिलेले ४५ ‘आले’ म्हणून लिहिले आहेत का, ते बघ. पाववाल्याला दिलेल्या किरकोळ पैशांचं असं फार होतं.

हे सगळं करूनही सापडलं नाही तर? तर नाही सापडलं. दहाच्या जागी शंभराची नोट परत दिली गेली असेल, तेव्हाही ९०च जातात आणि वही त्याबद्दल काही बोलू शकत नाही. अशा वेळी पानावर ‘तूट ९०, कारण मिळालं नाही’ एवढं लिहायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशीची सकाळची शिल्लक खऱ्या ३,९७० वरूनच चालू करायची, ४,०६० वरून नाही. नाहीतर कालची तूट उद्याच्या पानावर पुन्हा उगवते. तूट लिहिलेली असली की महिन्याने पानं चाळता येतात. दर रविवारीच का येते? तू क्लासला जातेस आणि मामा बसतो त्या दुपारीच का? ही चौकशी कुणावर आळ घेण्यासाठी नाही. मामा कदाचित चहाचे पैसे गल्ल्यातून देत असेल आणि लिहायला विसरत असेल. घरच्या माणसांच्या दुकानात निम्मी तूट चहाची असते, असं माझं मत.

एक सवय आजपासून लाव. गल्ला आधी मोज, आकडा पेनाने लिही आणि त्यानंतर किती असायला हवेत ती बेरीज मांड. आधी बेरीज केली की डोक्यात ४,०६० बसतात आणि नोटा मोजताना हात नकळत तिथवर पोचायला बघतो. दहाच्या नोटांची गड्डी दुसऱ्यांदा मोजायची ती कमी आल्यावरच, बरोबर आली तर मोजायची नाही, असं आपण सगळेच करतो.

सुट्या साखरेला तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा असेल. त्याला पासंग नसतो, पण त्याचा भाऊ असतो. ताटलीवर काही नसताना काटा शून्य दाखवतो का ते सकाळी बघ. ताटली काढून पुसली आणि चालू काट्यावर परत ठेवताना तिरकी बसली, किंवा ती नसतानाच कुणी शून्याचं बटण दाबलं, की दिवसभर घोटाळा. शून्य दिसलं तरी एकदा एक किलो मिठाची बंद पिशवी ठेवून बघ. पिशवीचं वजन धरून किलोच्या थोडं वर दाखवायला हवं. रोज तीच एक पिशवी ठेव, ती विकू नकोस. कालच्यापेक्षा आज दहा ग्रॅम वेगळं दिसलं तर तोलणं थांबव आणि आजीला हाक मार. वजनमाप खात्याचा शिक्का काट्यावर कधीचा आहे, तेही बघून घे. तो दरवर्षी घ्यावा लागतो. साखरेची तूट आली तर मी केलं तसंच कर : दोन वेगवेगळ्या दिवसांचे किलो आणि तोल शेजारी मांड. तूट किलोबरोबर वाढते की तोलांबरोबर, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

राहिले तुझे ते तीन दिवस. पानं फाडू नकोस, खाडाखोडही करू नकोस. ‘बरोबर’ लिहिलंय त्याच्या शेजारी तारीख घालून लिही, ‘खरी तूट अमुक, माझे तमुक घातले’. नक्की आकडा आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिही. मग वही आजीच्या मांडीवर ठेव. ते पैसे गल्ल्यातून परत घे आणि आजच्या खर्चात लिही. आजी नको म्हणाली तरी घे, कारण ते आत राहिले तर तुझ्या आजीच्या दुकानाने न कमावलेले पैसे तिच्या वहीत कमाई म्हणून बसतात.

चौथ्या दिवशी तिलाही कळलं असेल, असं मला राहून राहून वाटतं. पण ते तिचं ती सांगेल. आधी मामाला फोन कर आणि विचार, २,३१० की २,४००?